हस्ताच्या पावसात पडलेला वटवट्या: सोलापुरातल्या एका रात्रीचं प्रकरण

नवरात्राची दुसरी माळ होती. हस्ताचा पाऊस दिवसभर रिपरिपत होता आणि रात्री नुसती भुरभुर उरली होती. पावणेअकराला अक्कलकोट रोडवरच्या एका चादर-टॉवेल कारखान्याच्या वॉचमनमामांचा फोन आला. "सर, चिमणी पडलीय दिव्याखाली. पण चिमणी वाटंना."

मामांकडे माझा नंबर असण्याचं कारण एवढंच, की आदल्या वर्षी त्यांच्या शेडमधून आम्ही एक पिंगळा सोडवला होता. मी आणि माझा मित्र स्कूटरवर निघालो. या मित्राने पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याच्या कामात काही हंगाम काढलेत, त्यामुळे पक्षी हातात घ्यायचा तो त्याने, असं आमच्यात ठरलेलं आहे.

कारखान्याच्या आवारात चार उंच खांब आहेत आणि प्रत्येकावर पांढऱ्या एलईडी दिव्यांचे झोत. ढग इतके खाली होते, की झोतांचा उजेड ढगांच्या पोटाला लागून सगळं आभाळ दुधाळ झालं होतं. मामांनी पक्षी नव्या टॉवेलात गुंडाळून खुर्चीवर ठेवला होता. चिमणीपेक्षा लहान, करडं डोकं, कानाजवळ गडद डाग, पाठ मातकट, गळा स्वच्छ पांढरा. पांढऱ्या गळ्याचा छोटा वटवट्या. आपल्या माळावरच्या बोरी-बाभळींत हिवाळाभर चक्‌चक् करत फिरतो तोच, आणि दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतो. याची घरटी कझाकस्तान, दक्षिण सायबेरिया अशा भागातल्या काटेरी झुडपांत असतात. नकाशावर सोलापूरपासून सरळ उत्तरेला रेघ ओढली तर ती जवळजवळ अल्माटी शहरावर जाते, अंतर सुमारे २,८०० किलोमीटर. उडण्याची वाट अर्थातच याहून लांब पडते.

पक्षी जिवंत होता. डोळे अर्धवट मिटलेले, पिसं फुगवलेली, मान सरळ. दोन्ही पंख सारखे मिटत होते. शेपटीच्या डाव्या कडेचं एक पीस मात्र गळालं होतं. ही खूण पुढे फार उपयोगी पडली.

आत्ताच सोडायचा का?

मित्र म्हणाला, "रात्रीचाच प्रवासी आहे. आवाराबाहेर अंधारात नेऊ आणि सोडून देऊ. डब्यात कोंडून कशाला ठेवायचा?"

बोलणं बरोबर वाटतं, आणि दोन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. आमच्या कॉलनीत असाच एक वटवट्या सूर्यास्ताआधी खिडकीवर आपटला. रात्री तरतरीत झाला म्हणून साडेनऊला मी त्याला मैदानावर सोडला. तो सरळ रस्त्यावरच्या दिव्याकडे गेला आणि दिव्याभोवती घिरट्या घालत राहिला. सकाळी त्याच खांबाखाली सापडला, मुंग्या लागलेला. तेव्हापासून मला हा प्रश्न छळत होता: सायबेरियातून इथवर वाट काढणारा जीव शंभर मीटरवरच्या दिव्याला का फसतो? वाट चुकला असं म्हणावं, तर त्याच्याकडचं कोणतं साधन चुकलं?

या रात्री मी मित्राला थांबवलं. बुटाचं खोकं घेतलं, झाकणाला भोकं पाडली, तळाला टॉवेल घातला आणि पक्षी अंधारात ठेवला. चोचीत पाणी घातलं नाही, कारण शुद्धीवर नसलेल्या पक्ष्याच्या श्वासनळीत पाणी जातं आणि तो त्यानेच मरतो. दर अर्ध्या तासाला मोबाईलचा उजेड मारून बघण्याचा मोहही आवरला. खोक्यातली खुडबुड ऐकू आली की पक्षी शुद्धीवर आहे हे कळतं, तेवढं पुरे. सकाळी वनखात्याच्या ओळखीच्या कर्मचाऱ्याला कळवलं. जंगली पक्षी घरी ठेवायचा नसतोच, रात्र काढण्यापुरता आसरा द्यायचा, हे सांगायला नको.

रात्री साडेअकरापासून दीडपर्यंत, माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत, आम्ही या प्रकरणाचा हिशोब मांडला.

तो कुठून निघाला असेल

रात्री प्रवास करणारे छोटे पक्षी साधारण सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, संधिप्रकाश विझता विझता उडतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोलापुरात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. म्हणजे हा सातच्या सुमारास निघाला असं धरू. पावणेअकराला तो पडलेला सापडला. मध्ये पावणेचार तास जातात. वारा नसेल तर वटवट्याचा वेग ताशी पस्तीसेक किलोमीटर. एकशे तीस किलोमीटर होतात. तो उत्तरेकडून किंवा वायव्येकडून येत असणार, म्हणजे संध्याकाळी तो बीड-जामखेडच्या पट्ट्यात कुठेतरी बाभळीवर बसलेला होता.

एवढं गणित आम्ही मुद्दाम केलं. वाट दाखवणाऱ्या साधनांपैकी कोणतं त्याला त्या संध्याकाळी मिळालं आणि कोणतं मिळालं नाही, हे त्यावरून ठरणार होतं. त्या दिवशी सगळ्या मराठवाड्यावर ढग होते. सूर्यास्त बहुधा नीट दिसला नसेल. तारे तर नाहीतच. उरलं पृथ्वीचं चुंबकत्व.

होकायंत्र, पण आपल्यासारखं नाही

पक्ष्यांना चुंबकत्व कळतं असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उत्तर दाखवणारी सुई येते. पक्ष्याचं होकायंत्र तसं नाही. फ्रँकफर्टमध्ये वोल्फगांग आणि रोझविटा विल्चको या दांपत्याने रॉबिन पक्ष्यांवर प्रयोग केले आणि १९७२ साली ते मांडले. पिंजऱ्याभोवती तारांची वेटोळी लावून ते कृत्रिम चुंबकक्षेत्र तयार करत. उत्तर दिशा आहे तिथेच ठेवून क्षेत्राचा फक्त उभा भाग उलटा केला, तर पक्षी उलट्या दिशेला वळले. उत्तर-दक्षिण आणि उभा भाग दोन्ही एकदम उलटे केले, तर पक्ष्यांना काही फरकच पडला नाही.

याचा अर्थ पक्षी सुईचं टोक बघत नाही, तो कल बघतो. एखादी चुंबकसुई मधोमध दोऱ्याने टांगली तर ती आडवी राहत नाही, आपल्याकडे तिचं उत्तरेकडचं टोक जमिनीकडे झुकतं. ध्रुवाजवळ ती जवळजवळ उभी होते, तर चुंबकीय विषुववृत्तावर अगदी आडवी. हे विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. पक्ष्याला या झुकावावरून "इकडे ध्रुव, तिकडे विषुववृत्त" एवढंच कळतं. अल्माटीच्या बाजूला झुकाव साठ अंशांच्या वर असतो, सोलापुरात तो वीस-पंचवीस अंशांच्या घरात येतो. म्हणजे दक्षिणेकडे येईल तसं हे होकायंत्र पुसट होत जातं. पण आपल्याकडे ते बंद पडत नाही, वीस अंशांचा कल पुरेसा आहे. आपल्याकडे आणखी एक सोय आहे: सोलापुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात जेमतेम अंशभराचा फरक. अलास्का-कॅनडाच्या वरच्या भागात हा फरक इतका मोठा असतो, की चुंबक एक सांगतं आणि आभाळ दुसरंच. आपल्या वटवट्याला ती भानगड नव्हती.

हे होकायंत्र असतं कुठे? आजवरचे पुरावे बहुतेक डोळ्याकडे बोट दाखवतात. पडद्यातल्या पेशींमध्ये क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. त्याच्यावर निळा प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि एकेकट्या इलेक्ट्रॉनांची जोडी तयार होते. या जोडीचं पुढे काय होईल, हे अगदी क्षीण चुंबकक्षेत्रानेही थोडंसं बदलतं. अशा जोडीवर पक्ष्याचं होकायंत्र चालत असेल, ही कल्पना क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ सालीच मांडली होती. रॉबिनच्या डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम-४ परीक्षानळीत खरोखरच चुंबकाला प्रतिसाद देतं, हे २०२१ साली दाखवलं गेलं. परीक्षानळीतला प्रतिसाद म्हणजे जिवंत डोळा नव्हे, हे मान्य. पण एक गोष्ट यातून आपोआप येते आणि प्रयोगांतही ती दिसली आहे: हे होकायंत्र चालायला प्रकाश लागतो. निळ्या-हिरव्या मंद उजेडात पक्ष्यांना दिशा सापडते, नुसत्या तांबड्या उजेडात ते गोंधळतात.

इथे मित्राने नेहमीचा मुद्दा काढला. "मग मोबाईल टॉवरनेच बिघडलं असणार. कारखान्याच्या मागेच तर आहे."

मला हा आरोप पटत नाही, आणि त्यामागे कारण आहे. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गमध्ये विद्यापीठाच्या आवारातले रॉबिन कित्येक वर्षं दिशाच धरत नव्हते. शेवटी त्यांच्या खोपट्यांना अॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीला जोडले, तेव्हा पक्षी सुधारले. अर्थिंग काढलं की पुन्हा बिघडले. २०१४ साली हेन्रिक मोरिट्सन यांच्या गटाने हे प्रसिद्ध केलं. बिघाड करणारा गोंगाट ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला होता, म्हणजे रेडिओच्या मध्यम लहरींचा आणि साध्या विजेच्या उपकरणांतून झिरपणारा. नंतर काळ्या टोपीच्या वटवट्यावर, म्हणजे आपल्या पाहुण्याच्या जवळच्या भाऊबंदावर, वरच्या लहरीही तपासल्या गेल्या. ऐंशी मेगाहर्ट्झच्या आसपास बिघाड दिसला, १४० च्या वर दिसला नाही. मोबाईलच्या लहरी कित्येक शे मेगाहर्ट्झपासून सुरू होतात. संशय घ्यायचाच तर कारखान्यातल्या मोटारींवर आणि दिव्यांना वीज पुरवणाऱ्या स्वस्त सर्किटांवर घ्यावा, टॉवरवर नव्हे. आमच्याकडे ते मोजायचं साधन नव्हतं, म्हणून तो धागा आम्ही तिथेच सोडला.

नसलेले तारे

ताऱ्यांबद्दल एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती याच जातीची आहे. १९५० च्या दशकात फ्रान्झ झाउअर या जर्मन संशोधकाने छोटे वटवटे तारांगणाच्या घुमटाखाली ठेवले. त्यात हा पांढऱ्या गळ्याचाही होता. घुमटावर शरदातलं आभाळ दाखवलं की पक्षी पिंजऱ्यात आपल्या नेहमीच्या स्थलांतराच्या दिशेला तोंड करून पंख फडफडवत. पक्षी थोडेच होते आणि झाउअर यांनी त्यातून काढलेले सगळे निष्कर्ष टिकले नाहीत. पण रात्रीचे प्रवासी तारे बघून दिशा धरतात, हा मूळ मुद्दा टिकला.

ते तारे कसे वाचतात, याचं उत्तर अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी काढलं. त्यांची युक्ती फार साधी होती. टीपकागदाचा नरसाळ्यासारखा पिंजरा, तळाला शाईचा पॅड. पक्षी ज्या बाजूला झेपावतो, त्या बाजूच्या कागदावर शाईच्या पायांचे ठसे उमटतात. सकाळी कागद उलगडला की रात्रभराची दिशा हातात. एमलेननी इंडिगो बंटिंग नावाच्या निळ्या भारीटाची पिल्लं हाताने वाढवली आणि काहींना असं आभाळ दाखवलं, जे ध्रुवताऱ्याभोवती न फिरता मृगातल्या तांबड्या काक्षीभोवती फिरत होतं. शरद ऋतू आला तेव्हा ही पिल्लं काक्षीला उत्तर समजून त्याच्या उलट दिशेला झेपावली.

म्हणजे पिल्लू जन्मतः सप्तर्षी किंवा शर्मिष्ठा ओळखत नाही. घरट्याबाहेर पडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते आभाळाचा कोणता भाग कमीत कमी फिरतो हे बघतं आणि तोच ध्रुवाचा भाग म्हणून मनात ठेवतं. एकदा शिकल्यावर त्याला फिरणं बघत बसावं लागत नाही, आकृत्या पुरतात. आकृत्या अनेक असतात, याचा फायदा आपल्याकडे कळतो. ऑक्टोबरात रात्री नऊनंतर सोलापुरातून सप्तर्षी दिसत नाहीत, ते क्षितिजाखाली गेलेले असतात. शर्मिष्ठा मात्र ईशान्येला वर आलेली असते. अल्माटीत ध्रुवतारा क्षितिजाच्या वर त्रेचाळीस अंशांवर असतो. इथे तो साडेसतरा अंशांवर, हात लांब करून धरलेल्या पावणेदोन मुठींइतकाच. शहराच्या उजेडात तर तो बुडूनच जातो.

पण आमच्या वटवट्याच्या रात्री हा सगळा विषय बाद होता. ढगांच्या वर तारे होते आणि पक्षी ढगांच्या खाली. पावसाळी ढगांत हे पक्षी सहसा शिरत नाहीत, ते खाली खाली येतात. माझ्या मते अपघाताचं मूळ इथे आहे. एरवी काही शे मीटर उंचीवरून तो आमच्या शहरावरून निघून गेला असता आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. त्या रात्री ढगांनी त्याला दाबून दिव्यांच्या पातळीवर आणलं. ताऱ्यांचा आधार नव्हता, चुंबकाचा होता, आणि अशा वेळी समोर चार झोत आले. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला झोताच्या पलीकडचं काही दिसत नाही. उजेडाच्या गोळ्यातून काळोखात जायला पक्षी धजत नाही. तो आतच फिरत राहतो, दमतो आणि कशाला तरी आपटतो.

हे दिव्यामुळेच घडतं, याचा सज्जड पुरावा न्यूयॉर्कचा आहे. तिथे ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात दोन प्रचंड झोत सोडतात. रडारवरून सात वर्षांतल्या सात रात्रींचा हिशोब केला, तेव्हा त्या झोतांनी सुमारे अकरा लाख पक्ष्यांची वाट बिघडवल्याचं निघालं. आणि झोत बंद केले की काही मिनिटांत पक्षी पांगून मार्गाला लागत. होकायंत्र मोडलं असतं तर बटण बंद केल्याबरोबर ते असे निघून गेले नसते.

नकाशा त्याच्याकडे नव्हताच

सकाळी साडेपाचला खोकं उघडलं. मित्राने पक्षी हातात घेतला, मसाल्याच्या छोट्या डिजिटल काट्यावर कापडी पिशवीसकट तोलला. पिशवी वजा जाता १०.६ ग्रॅम. मग गळ्याखालच्या खळगीवरची पिसं फुंकरीने बाजूला केली. तिथे प्रवासी पक्ष्याची चरबी पिवळसर दिसते. भरलेल्या पक्ष्यात खळगी भरून फुगते. याची खळगी पोकळ होती, तळाला किंचित पिवळा लेप. शिदोरी संपत आली होती. शेपटीच्या कडेचा पांढरा रंग मळकट आणि डोळ्यातलं कडं गडद, त्यावरून मित्राने "याच वर्षीचं पोर" असा अंदाज बांधला.

पोर असणं इथे फार महत्त्वाचं आहे. १९५८ साली ए. सी. पर्डेक या डच संशोधकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्थलांतर करणाऱ्या अकरा हजारांहून जास्त मैना (आपल्या भोरडीची युरोपातली बहीण) हेगजवळ पकडल्या, कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. अनुभवी मैनांनी दिशा बदलली आणि उत्तर फ्रान्स-इंग्लंडकडच्या आपल्या नेहमीच्या मुक्कामाचा रोख धरला. पहिल्याच वर्षीच्या पोरांनी मात्र हॉलंडमधून जी दिशा धरली असती तीच धरली. ती समांतर सरकून दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये पोचली.

कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना हा फरक चटकन कळेल. दरवर्षी जाणारा माणूस वाटेतल्या हिप्परग्याला डोळे बांधून सोडला तरी वास, उतार, ढाबे यांवरून कुठे आहोत ते ओळखेल. पहिल्यांदा निघालेल्याला कुणी नुसतं सांगितलं असेल, "उत्तरेला तोंड कर आणि रात्रभर चाल", तर त्याला वाटेत उचलून बार्शी रोडवर ठेवा, तो तसाच उत्तरेला चालत राहील. पोर वटवट्याला रक्तातून मिळतं ते एवढंच: कोणत्या बाजूला आणि साधारण किती रात्री. आईबाप सोबत नसतात, थवा नसतो, प्रत्येक जण एकटा उडतो.

म्हणून रस्ता चुकला, आता त्याला योग्य ठिकाणी नेऊन सोडू, या विचाराला अर्थ नव्हता. नान्नजच्या माळावर नेलं काय आणि कुठे नेलं काय, त्याच्या दृष्टीने वीस-पंचवीस किलोमीटरचा फरक शून्य. ठिकाण निवडायचं ते खाण्यासाठी आणि आभाळासाठी.

आभाळासाठी म्हणजे नेमकं काय, ते २००४ च्या एका प्रयोगातून कळतं, आणि माझा सगळा निर्णय त्याच्यावर टेकलेला होता. अमेरिकेत बिल कॉक्रन, मोरिट्सन आणि मार्टिन विकेल्स्की यांनी रानातल्या कस्तुरांच्या पाठीवर छोटे ट्रान्समीटर लावले. सूर्यास्ताच्या वेळी त्यांना पूर्वेकडे वळवलेल्या चुंबकक्षेत्रात ठेवलं आणि अंधार पडल्यावर मोकळं सोडलं. मग गाडीने रात्रभर त्यांचा माग काढला. पक्षी उत्तरेऐवजी पश्चिमेला गेले आणि रात्रभर तसेच जात राहिले. वर तारे स्पष्ट असतानाही त्यांनी चूक सुधारली नाही. दुसऱ्या रात्री मात्र तेच पक्षी बरोबर दिशेला उडाले, कारण मध्ये त्यांना एक खरा सूर्यास्त मिळाला होता.

म्हणजे चुंबकाचं होकायंत्र रोज संध्याकाळी मावळतीकडे बघून लावून घेतात, आणि रात्रभर त्याच्या भरवशावर जातात. निदान त्या कस्तुरांचं तरी असं आहे, सगळ्या जातींत तेच निघालेलं नाही. पण एवढ्यावरून माझी दोन वर्षांपूर्वीची चूक मला कळली. त्या वटवट्याला मी सूर्यास्ताच्या वेळी ट्यूबलाईटखाली ठेवला होता. साडेनऊला सोडला तो उजळलेल्या वस्तीत. त्याला ना मावळती दिसली ना तारे. जे दिसलं, त्याकडे तो गेला.

हिप्परग्याच्या बाभळी

सकाळी सव्वासात वाजता आम्ही तुळजापूर रोडने हिप्परगा तलावाकडे गेलो. काठाच्या आतल्या बाजूला बोरी-बाभळींची दाट पट्टी आहे, पश्चिमेचं क्षितिज उघडं आहे, मोठे दिवे नाहीत. पिशवीचं तोंड झुडपाशी उघडलं. तो दोन-तीन क्षण बसून राहिला, मग खालच्या फांदीवर गेला. दहा मिनिटांत तो पानामागचं काहीतरी टिपत होता. चरबी भरलेला पक्षी असता तर आम्ही त्याला सूर्यास्ताच्या तासभर आधी सोडला असता. याला मावळतीआधी पोटभर दिवस हवा होता.

डाव्या कडेला पीस नसलेली शेपटी दुर्बिणीतून सहज ओळखू येत होती. त्या संध्याकाळी ढग होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच पट्टीत होता. दुसरी संध्याकाळही ढगाळ, तिसऱ्या दिवशी सकाळीही तो होता, आणि अंगाने भरल्यासारखा वाटत होता. वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, पण आम्ही वहीत लिहिलं. चौथ्या दिवशी दुपारपासून आभाळ धुतल्यासारखं निघालं आणि उत्तरेचा हलका वारा सुटला. सूर्य मावळला तेव्हा आम्ही काठावरच होतो. ऑक्टोबरच्या त्या दिवसांत सूर्य जवळजवळ ठीक पश्चिमेला मावळतो, दक्षिणेकडे पाचेक अंशच सरकलेला. दिशा लावून घ्यायला याहून सोपी मावळती वर्षात क्वचित मिळते. तो वटवट्या बाभळीच्या शेंड्यावर आला होता. एरवी हे पक्षी शेंड्यावर फार बसत नाहीत. पावणेसातनंतर आम्हाला काही दिसेनासं झालं.

पाचव्या दिवशी सकाळी तो नव्हता. शिकऱ्याने नेला असेल असंही म्हणता येईल. पण त्या पट्टीत आदल्या सकाळी आम्ही सात छोटे वटवटे मोजले होते, आणि त्या दिवशी दोनच भरले. एकाच रात्रीत पाच जण कमी होतात, तेही पहिल्या निरभ्र, पाठीवर वारा असलेल्या रात्री, तेव्हा ते निघाले असं धरणं जास्त सरळ आहे.

खुणांचा विषय यात सर्वात शेवटी येतो, आणि या प्रकरणात त्याला सर्वात कमी जागा आहे. रोमजवळची घरी परतणारी कबुतरं महामार्ग आणि रेल्वेमार्ग धरून उडतात, अगदी फाट्यावर वळतात, हे जीपीएसने नोंदवलं गेलं आहे. पण ती रोजच्या ओळखीच्या मुलखातली गोष्ट. पहिल्यांदा येणाऱ्या पोराला भीमा काय आणि सीना काय. जिथे तो हिवाळा काढेल, तिथला ओढा, बांध, बाभळींची रांग तो पाच-सहा महिन्यांत पाठ करील, आणि पुढच्या वर्षी शेवटचे काही किलोमीटर या पाठांतरावर येईल. तोवर तो पर्डेकच्या अनुभवी मैनांच्या रांगेत बसलेला असेल.

कारखान्याच्या मालकांशी बोललो. चारही दिवे बंद ठेवायला ते तयार झाले नाहीत, चोरीची भीती खरी आहे. पण ऑक्टोबरअखेरपर्यंत ढगाळ रात्री दहानंतर दोन बंद, आणि उरलेल्या दोघांची तोंडं खाली, एवढं त्यांनी मान्य केलं. मामा ते कटाक्षाने पाळतात.

डिसेंबरात मामा सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आमच्याबरोबर हिप्परग्याला आले. त्याच बाभळीत एक पांढऱ्या गळ्याचा वटवट्या होता. शेपटी दोन्ही बाजूंनी पूर्ण.

"तोच का ओ सर?"

गळालेलं पीस महिन्या-दीड महिन्यात नव्याने येतं, त्यामुळे शेपटीवरून आता काहीच ठरत नव्हतं. मित्र दुर्बीण न काढता म्हणाला, "पायात कडी असती तर सांगितलं असतं, मामा."